२९ डिसेंबर २०२५ हा दिवस २०२६च्या पहिल्या आठवड्यात कसा?

चाकणचा प्लॅनर

नमस्कार मंडळी. गाड्यांचे ब्रॅकेट बनवणाऱ्या कारखान्यात मी डिस्पॅचचं प्लॅनिंग बघतो. आमचा मोठा ग्राहक जर्मन आहे, त्यांचा एक प्लांट इथे पुण्याजवळच आहे. त्यांचं शेड्यूल तारखेवर नाही, आठवड्याच्या नंबरवर येतं. KW 48, KW 49 असं लिहिलेलं असतं आणि माल त्या आठवड्याच्या सोमवारी सकाळी त्यांच्या गेटवर लागतो. वर्षभर यात काही अडत नाही. डिसेंबर संपायला आला की मात्र वाद सुरू होतात.

या वेळी KW 01/2026 ची मागणी होती. आमचं शीट एक्सेलमधलं, WEEKNUM वापरून बनवलेलं. त्या शीटप्रमाणे २०२६चा पहिला आठवडा गुरुवारी १ जानेवारीला सुरू होतो आणि शनिवारी ३ तारखेला संपतो. त्यामुळे गाडी गुरुवारची लावली गेली. सोमवारी, २९ डिसेंबरला सकाळीच ग्राहकाचा फोन: माल कुठे आहे? त्यांच्या हिशेबाने त्या दिवशी पहिला आठवडा सुरू झालेला होता. त्याच सोमवारला आमचं शीट ५३वा आठवडा म्हणत होतं.

आता दोन प्रश्न. एक, २०२५ मधला दिवस २०२६च्या आठवड्यात जातो हा नियम नक्की आहे तरी काय? दोन, ग्राहक म्हणतो की २०२६ला ५३ आठवडे आहेत. मग हाच गोंधळ या वर्षअखेरीला पुन्हा होणार का?

भोसरीकर

सोपं आहे. १ जानेवारी ज्या आठवड्यात येतो तो पहिला आठवडा. २९ डिसेंबरच्या आठवड्यात १ जानेवारी आला, म्हणून तो अख्खा आठवडा नव्या वर्षाचा. आयएसओ हेच सांगतं. आमच्याकडे पण जर्मन ग्राहक आहेत, रोजचं काम आहे हे.

सुमेधा

पण आठवडा सोमवारी सुरू होतो हे कोणी ठरवलं? आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रविवार आधी आहे. लहानपणापासून आपण रविवार, सोमवार, मंगळवार असंच म्हणत आलो.

दिनदर्शक

भोसरीकर, तुमचं उत्तर यंदा बरोबर आलं, पण तो नियम आयएसओचा नाही. एक वर्ष पुढे जाऊन बघा. १ जानेवारी २०२७ शुक्रवारी येतो. तुमच्या नियमाने २८ डिसेंबर २०२६च्या सोमवारपासून २०२७चा पहिला आठवडा सुरू व्हायला हवा. आयएसओप्रमाणे तो आठवडा २०२६चाच आहे, ५३वा. २०२७चा पहिला आठवडा सोमवारी ४ जानेवारीला सुरू होईल. म्हणजे येत्या वर्षअखेरीला तुमच्या नियमाने गेलात तर गाडी एक आठवडा आधी जाऊन उभी राहील.

खरा नियम असा. आठवडा सोमवार ते रविवार, आणि तो कधीही तोडायचा नाही. सात दिवस एकत्रच राहणार. मग वर्षाच्या सांध्यावरचा आठवडा दोन वर्षांत विभागलेला असेल तर तो द्यायचा कोणाला? ज्या वर्षात त्याचे जास्त दिवस आहेत त्याला. सात दिवसांत चार म्हणजे बहुमत, आणि सोमवारपासून मोजलं तर मधला, चौथा दिवस गुरुवार. म्हणून फक्त गुरुवार बघायचा. तो ज्या वर्षात पडला, अख्खा आठवडा त्या वर्षाचा.

२९ डिसेंबर २०२५ सोमवार. त्या आठवड्याचा गुरुवार १ जानेवारी २०२६. झालं, सातही दिवस २०२६चे. याचाच दुसरा अर्थ असा की ४ जानेवारी हा दिवस कायम पहिल्या आठवड्यातच असतो, वार कोणताही असो. आणि २८ डिसेंबर कायम शेवटच्या आठवड्यात. वादाचे दिवस उरतात ते डिसेंबरचे शेवटचे तीन आणि जानेवारीचे पहिले तीन. बाकी वर्षभर कोणाला काही कळत नाही, म्हणूनच चूक वर्षभर लपून राहते.

सुमेधाताई, रविवारी आठवडा सुरू करण्यात चूक काहीच नाही. एक्सेलचा साधा WEEKNUM तेच करतो: रविवारपासून आठवडा आणि १ जानेवारी असेल तो पहिला. शिवाय ३१ डिसेंबरला मोजणी तोडून १ जानेवारीला पुन्हा १पासून सुरू करतो. म्हणून प्लॅनरसाहेबांच्या शीटमध्ये २०२६चा पहिला आठवडा तीनच दिवसांचा दिसला. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक आहेत. ग्राहक एक वापरतो आणि पुरवठादार दुसरी, तेव्हा गाडी उशिरा पोचते.

भोसरीकर

बहुमताचं पटलं. पण एवढी वर्षं आमचं कधी चुकलं नाही, हेही तितकंच खरं.

दिनदर्शक

भोसरीकर, १ जानेवारी सोमवार ते गुरुवार या चार वारांपैकी एखाद्या दिवशी आला तर तुमचा नियम आणि आयएसओ एकच उत्तर देतात. २०२४ सोमवार, २०२५ बुधवार, २०२६ गुरुवार. लागोपाठ तीन वर्षं जुळलं. २०२१, २०२२ आणि २०२३ मात्र अनुक्रमे शुक्रवार, शनिवार, रविवारी सुरू झाली. त्या जानेवारीतले जुने शेड्यूल असतील तर काढून बघा.

पंचांगप्रेमी

हे वाचून फार आनंद झाला, कारण आपल्याकडे अगदी हाच विचार महिन्यांसाठी केलेला आहे. चांद्रमासाचं नाव त्यात सूर्याची कोणती संक्रांत पडते यावरून ठरतं. महिना सुरू केव्हा झाला, संपला केव्हा, याला महत्त्व नाही. खूण कुठे पडली ते बघायचं. ज्या महिन्यात संक्रांतच पडत नाही तो अधिक. इथे संक्रांतीच्या जागी गुरुवार आहे इतकंच. आणि २०२६ मध्ये दोन्ही एकदम आलेत: १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, आणि डिसेंबरअखेर हा ५३वा आठवडा.

दिनदर्शक

पंचांगप्रेमी, खूण शोधायची कल्पना तंतोतंत तीच. एक फरक सांगतो. अधिक महिन्याला स्वतःचं नाव नसतं, तो पुढच्या महिन्याचं नाव घेतो. ५३वा आठवडा मात्र स्वतःचा गुरुवार घेऊन येतो. साधं वर्ष गुरुवारी सुरू झालं की गुरुवारीच संपतं, म्हणून त्यात ५३ गुरुवार बसतात. लीप वर्ष बुधवारी किंवा गुरुवारी सुरू झालं तरी ५३. बाकी सगळ्या वर्षांना ५२. चारशे वर्षांत असं ७१ वेळा होतं, म्हणजे साधारण पाच-सहा वर्षांनी एकदा. अलीकडची २००९, २०१५, २०२०, मग २०२६, पुढचं २०३२.

रानवारा

म्हणजे ज्यांना आठवड्याने पगार मिळतो त्यांना यंदा एक पगार जास्त? आमच्या साइटवरच्या लोकांना शनिवारी पैसे देतात. त्यांना आतापासूनच सांगतो!

सुमेधा

रानवारा, थांबा, उगाच आशा लावू नका. २०२६ मध्ये ५३ वेळा येणारा वार फक्त गुरुवार आहे. शनिवार बावन्नच. आत्ताच कॅलेंडर घेऊन मोजले.

रानवारा

बरं झालं विचारलं. मग गुरुवारी पैसे वाटणाऱ्या ठेकेदाराने वर्षाचं बजेट करताना एक हप्ता जास्त धरायला हवा. हे त्याच्या लक्षात आणून देतो.

स्टॉकहोमची ताई

इथे स्वीडनमध्ये आठवड्याचा नंबर हे रोजचं बोलणं आहे. शेजारीण विचारते, "तुम्ही २९व्या आठवड्यात घरी आहात का?" शाळेची हिवाळी सुट्टी स्टॉकहोमला ९व्या आठवड्यात आणि गोथेनबर्गला ७व्या, हे मुलांनाही पाठ असतं. नवीन आले तेव्हा मला प्रत्येक वेळी फोन काढून बघावं लागे. आता भारतातल्या आईला तारखा सांगताना उलटं भाषांतर करावं लागतं.

गंमत अशी की इतकी सवय असूनही नाताळच्या सुट्टीत कोणी "पहिल्या आठवड्यात भेटू" म्हणालं की समोरचा हमखास विचारतो, कुठल्या तारखेला? वर्षाच्या सांध्याला इथले लोकही नंबरवर विसंबून राहत नाहीत.

सुटे भाग

मी इलेक्ट्रॉनिक्सचा माल तपासतो, इनवर्ड इन्स्पेक्शन. आयसीवर चार आकडी डेट कोड असतो, पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. जानेवारीत एक रीळ आलं, त्यावर 2601. इनव्हॉइसची तारीख ३१ डिसेंबर २०२५. तपासणाऱ्या मुलाने लगेच लाल स्टिकर लावलं: २०२६ मध्ये बनलेला माल २०२५ मध्ये विकला कसा? नकली असणार. आमच्या धंद्यात बनावट आयसीची भीती खरी आहे, त्यामुळे त्याने अडवलं ते योग्यच केलं. पण हा धागा आधी वाचला असता तर दोन दिवसांची पत्रापत्री वाचली असती. ३० डिसेंबरला पॅक झालेल्या मालावर 2601 येणं अगदी बरोबर आहे.

भोसरीकर

टायरवरचा कोड पण हाच. चार आकडे, आठवडा आणि वर्ष. तिथेही आयएसओच.

दिनदर्शक

टायरवर आठवडा आधी आणि वर्ष नंतर, इथपर्यंत बरोबर. पण मोजणी वेगळी आहे. DOT कोडच्या अमेरिकी नियमात आठवडा रविवार ते शनिवार असतो आणि वर्षातला पहिला पूर्ण आठवडा म्हणजे 01. वर्षाचा शेवटचा आठवडा पुढच्या वर्षाचे सहा दिवसांपर्यंत गिळू शकतो. त्यामुळे शुक्रवार, २ जानेवारी २०२६ ला बनलेल्या टायरवर त्या नियमाने 5225 येईल. त्याच दिवशी आयएसओ पाळणाऱ्या कारखान्यातून निघालेल्या आयसीवर 2601 येईल. सुटे भाग यांचा मुद्दा म्हणून महत्त्वाचा: चार आकडे बघितले की आधी विचारायचं, मोजणी कोणाची?

कोडेकर

आमच्या क्षेत्रातला प्रकार सांगतो, कारण तो दरवर्षी कुठे ना कुठे होतो. जावामध्ये तारीख छापायचा साचा लिहिताना वर्षासाठी लहान `yyyy` लिहायचं. मोठं `YYYY` लिहिलं तरी प्रोग्राम चालतो, पण ते आठवड्याचं वर्ष देतं. मार्चमध्ये टेस्ट केलंत, जुलैमध्ये केलंत, दोन्ही सारखंच दिसतं. २९ डिसेंबर उजाडला की बिलावर 29-12-2026 छापलं जातं.

एक बारकावा बहुतेकांना माहीत नसतो. जावा हे वर्ष देशाच्या सेटिंगप्रमाणे मोजतो. सेटिंग जर्मनीचं असेल तर चूक सोमवारी २९ डिसेंबरला दिसते. भारताचं किंवा अमेरिकेचं असेल तर आठवडा रविवारी सुरू होतो आणि १ जानेवारीचा आठवडा पहिला धरतात, त्यामुळे चूक एक दिवस आधीच, २८ तारखेला दिसते. एकच कोड, दोन सर्व्हर, दोन वेगळे दिवस. शोधणाऱ्याचं डोकं फिरतं. आणि २०२३च्या अखेरीला ३१ डिसेंबर रविवारी आला, त्यामुळे जर्मन सेटिंगवर त्या वर्षी चूक दिसलीच नाही. मागच्या वर्षी चाललं होतं, हा पुरावा इथे अजिबात चालत नाही.

२९ डिसेंबर २०१४ ला ट्विटरच्या अँड्रॉइड ॲपमधून लोक आपोआप लॉगआउट झाले होते, तेव्हा सर्व्हर वर्ष २०१५ सांगत होता. तारीख बघा, सोमवार. १ जानेवारी २०१५ गुरुवार.

लिनक्सवर स्वतः करून बघा:

```
$ date -d 2025-12-29 +%G-W%V
2026-W01
$ date -d 2025-12-29 +%Y-W%V
2025-W01
```

दुसरी ओळ चुकीची आहे, कारण तिथे वर्ष कॅलेंडरचं आणि आठवडा आयएसओचा घेतला. `%V`च्या जोडीला कायम `%G`.

चाकणचा प्लॅनर

कोडेकर, तुमची दुसरी ओळ बघून दचकलो. फोननंतर आम्ही शीटमध्ये ISOWEEKNUM टाकलं, पण वर्षासाठी YEAR तसंच ठेवलं होतं. आत्ता पिव्होट उघडून बघितला. २९ ते ३१ डिसेंबर २०२५चं सगळं डिस्पॅच 2025-01 या रांगेत जाऊन बसलंय, म्हणजे एक वर्ष मागे, जानेवारी २०२५च्या मालाबरोबर. तो आठवडा फुगलेला दिसतोय आणि २०२६चा पहिला आठवडा अर्धा रिकामा. नंबर बरोबर असूनही रिपोर्ट चुकीचा!

एक्सेलमध्ये `%G`सारखं काही आहे का?

दिनदर्शक

तयार फंक्शन नाही, पण गुरुवार शोधला की वर्ष आपोआप मिळतं:

```
=YEAR(A2-WEEKDAY(A2,2)+4)&"-W"&TEXT(ISOWEEKNUM(A2),"00")
```

WEEKDAY मधल्या 2 मुळे सोमवार १ आणि रविवार ७ होतो. तारखेतून तो आकडा वजा केला की आपण मागच्या रविवारी पोचतो, तिथून चार दिवस पुढे गुरुवार. २९ डिसेंबर २०२५ ठेवून बघा: वजा एक, अधिक चार, म्हणजे १ जानेवारी २०२६. उत्तर 2026-W01. आता १ जानेवारी २०२७, शुक्रवार: वजा पाच, अधिक चार, म्हणजे ३१ डिसेंबर २०२६. उत्तर 2026-W53. हे दोन दिवस बरोबर आले की शीट बरोबर समजा. जूनमधली तारीख टाकून तपासण्यात अर्थ नाही.

आणि वर्ष-आठवडा हा एकच कॉलम ठेवा. दोन वेगळे कॉलम ठेवले की कोणीतरी पुढे YEAR जोडणारच.

सुमेधा

मी अकाउंट्सवाली आहे, मला एक अडचण दिसते. २०२६चा ५३वा आठवडा २०२५च्या कुठल्या आठवड्याशी ताडून बघायचा? २०२५ला ५३वा नाहीच. आमच्याकडे दर आठवड्याची विक्री मागच्या वर्षीच्या त्याच नंबरशी लावतात.

कोडेकर

५२व्याशी लावा किंवा तो आठवडा तुलनेतून वगळा. बहुतेक जण वगळतात.

स्टॉकहोमची ताई

वगळला तर नाताळानंतरची विक्री गायब होते, आणि आमच्या इथे तोच सेलचा आठवडा. मला वाटतं नंबर जुळवण्यापेक्षा सण जुळवावा.

दिनदर्शक

दोघांचं म्हणणं आपापल्या धंद्यात ठीक. अमेरिकेतले किरकोळ विक्रेते जे ४-५-४ आठवड्यांचं कॅलेंडर वापरतात, त्यांच्याकडे २०२३ हे वर्ष ५३ आठवड्यांचं होतं, ३ फेब्रुवारी २०२४ ला संपलं. पुढच्या वर्षाशी तुलना करताना तिथे सगळे आठवडे एकाने सरकवून मांडायची पद्धत आहे. यात एकच खरं उत्तर नाही. काय केलं ते रिपोर्टवर लिहायचं, म्हणजे वाचणारा फसत नाही.

पंचांगप्रेमी

सुमेधाताई, दिवाळीची विक्री तर कुठल्याच आठवडा क्रमांकाला बांधता येत नाही. २०२५ला लक्ष्मीपूजन ऑक्टोबरमध्ये होतं, या वर्षी अधिक महिन्यामुळे ते नोव्हेंबरमध्ये, ८ तारखेला आहे. आपल्याकडे मूळ घोटाळा तिथेच आहे, ५३वा आठवडा त्यापुढे किरकोळ.

सुमेधा

खरंच की. दरवर्षी ऑक्टोबरच्या मीटिंगमध्ये हेच भांडण होतं.

भोसरीकर

२०२१च्या जानेवारीचे शेड्यूल काढले. ग्राहकाच्या कागदावर १ जानेवारीच्या आठवड्याला KW 53 छापलंय. पण आमचा माल वेळेवर गेला होता, कारण आमचे साहेब नंबर बघायचेच नाहीत, फोन करून तारीख विचारायचे. माझं मत अजूनही तेच, फोन बरा.

दिनदर्शक

तुमच्या साहेबांची पद्धत उत्तम आहे, फक्त ती लेखी करा. प्लॅनरसाहेब, डिसेंबर आणि जानेवारीच्या प्रत्येक शेड्यूल कन्फर्मेशनवर आठवड्याच्या नंबरशेजारी त्या सोमवारची तारीख टाका: 2026-W53, सोमवार २८ डिसेंबर २०२६. तारीख वेगळी असेल तर समोरचा लगेच बोलेल.

आणि एक आत्ताच तपासा. ग्राहकाच्या पोर्टलवर किंवा तुमच्या ईआरपीत आठवडा निवडायची यादी असेल तर ती ५३पर्यंत जाते का? २०२० नंतर बसवलेल्या सिस्टीमवर ५३वा आठवडा अजून एकदाही आलेला नाही.

चाकणचा प्लॅनर

सगळ्यांचे मनापासून आभार. फॉर्म्युला टाकला, दोन्ही तारखा बरोबर आल्या, पिव्होट सरळ झाला. जुन्या रिपोर्टमधली २०२५ची जानेवारी दुरुस्त करून वरिष्ठांना पाठवली.

पोर्टल बघितलं. ग्राहकाच्या यादीत ५३ आहे. आमच्या ईआरपीत यादी ५२ला संपते. व्हेंडरला मेल टाकलाय, आणि तोपर्यंत २८ डिसेंबरची गाडी तारखेनेच बुक करायचं ठरलंय.